दोन आठवड्यांचा परदेश दौरा: रोख किती, क्रेडिट कार्डावर किती, फॉरेक्स कार्डात किती?

पैशांची विभागणी विचारली की लोक टक्के सांगतात: वीस टक्के रोख, बाकीचं कार्डावर. मी मात्र आधी खर्च कुठे होणार ते लिहून काढते, कारण यातलं प्रत्येक साधन कुठे ना कुठे अडतंच.

एक उदाहरण घेऊ. दोघांचा चौदा दिवसांचा दौरा आहे: दहा दिवस युरो चालणाऱ्या देशांत, चार दिवस स्वित्झर्लंडमध्ये. विमान आणि हॉटेलचं भाडं आधीच भरलंय. हातखर्चाला २,००० युरो धरलेत, त्यातले सुमारे ५०० स्वित्झर्लंडचे.

आधी दर बघू. प्रीपेड फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड, 'मार्कअप शून्य' म्हणजे दरावर जादा आकार नाही असं सांगून विकलं जातं, पण नफा भरणा करतानाच्या दरात बसवलेला असतो. त्या क्षणी बाजारातला मधला दर १०० असेल आणि तुम्हाला १०२ सांगितले, तर दोन टक्के गेलेच. साध्या क्रेडिट कार्डावर परदेशातल्या खर्चाला बहुधा ३ ते ३.५ टक्के जादा लागतात. म्हणजे हजार युरोंमागे फॉरेक्स कार्डाने साधारण दहा ते पंधरा युरो वाचतात. तुमच्याकडे परदेशी व्यवहाराला शुल्क न लावणारं क्रेडिट कार्ड असेल तर हा हिशोब उलटतो. मग फॉरेक्स कार्ड फक्त एटीएमपुरतं ठेवावं.

पण दरापेक्षा मोठा फरक अनामत रकमेत आहे, आणि तो काउंटरवर उभं राहिल्यावरच कळतो. हॉटेलात शिरताना भाडं भरलेलं असलं तरी कार्डावर काही रक्कम रोखून धरतात. क्रेडिट कार्डावर तेवढी मर्यादा कमी होते, एवढंच. फॉरेक्स कार्डावर मात्र तुमचे खरे पैसे अडकतात, आणि हॉटेल सोडल्यावरही मोकळे व्हायला कधी काही दिवस, कधी दोन आठवडे लागतात. माझे पहिल्या दौऱ्यात ३०० युरो असेच अडकले. शिल्लक विचारली की आकडा कमी, व्यवहारांच्या यादीत मात्र खर्च नाही. रक्कम रोखलेली आहे हे यावरूनच ओळखायचं. पैसे मोकळे झाले तोवर मी घरी पोचले होते. गाडी भाड्याने देणारे तर बरेचदा प्रीपेड कार्ड घेतच नाहीत. म्हणून क्रेडिट कार्ड हवंच, आणि अनामतीपुरती मर्यादा त्यावर खर्चाशिवाय वेगळी मोकळी हवी.

स्वित्झर्लंडचं काय? युरो भरलेलं कार्ड तिथे वापरलं तर युरोचे फ्रँक करताना वेगळं शुल्क लागू शकतं. कार्डात फ्रँक वेगळे भरता येत असले, तरी ५०० युरोंच्या खर्चावर क्रेडिट कार्डाच्या तुलनेत वाचतात जेमतेम पाच ते साडेसात युरो. शंभर फ्रँक उरले, १०२ च्या दराने घेतलेले ९८ ला परत विकले, की साधारण चार फ्रँक तिथेच गेले. माझ्या मते एवढ्यासाठी दुसरं चलन सांभाळू नये, ते चार दिवस क्रेडिट कार्डावर काढावेत.

रोख लागते ती पहिल्या दिवसासाठी आणि किरकोळ खरेदीसाठी. निघताना १५० युरो छोट्या नोटांत पुरतात. पुढचे एटीएममधून, पण थोडे थोडे नाहीत. दर वेळी दोन युरो शुल्क असेल तर ५० काढताना चार टक्के जातात, १५० काढताना साधारण १.३ टक्के. हे काम फॉरेक्स कार्डाचंच. क्रेडिट कार्डाने रोख काढली तर शुल्क लागतंच, शिवाय बहुतेक कार्डांवर त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं.

हे सगळं धरून विभागणी अशी: १५० रोख, १,१०० फॉरेक्स कार्डात (त्यातले ३०० दोनदा एटीएममधून काढायचे), आणि ७५० क्रेडिट कार्डावर, म्हणजे स्वित्झर्लंडचे ५०० आणि अडीअडचणीचे २५०. फॉरेक्स कार्ड मुद्दामच पूर्ण भरलेलं नाही, कारण कमी पडलं तर पुन्हा भरता येतं, उरलं तर विकताना तोटा. फक्त पुन्हा भरणा शनिवार-रविवारी अडू शकतो, तेव्हा शिल्लक गुरुवारीच बघावी.

आणखी एक. कार्ड यंत्रात घातल्यावर पडदा विचारतो, रक्कम तुमच्या देशाच्या चलनात घ्यायची की इथल्या? आपल्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो, म्हणून लोक तो निवडतात. तो दर दुकानदाराच्या बाजूची कंपनी ठरवते आणि सहसा महाग पडतो. फॉरेक्स कार्डावर तर युरो एकदा घरच्या चलनात जातात आणि पुन्हा युरोतूनच कापले जातात. काही ठिकाणी विक्रेता न विचारताच बटण दाबतो. पावतीवर घरच्या चलनाचा आकडा दिसला तर सही किंवा पिन देण्याआधी व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगावा.