केबलच्या बिलात तपशील मागितल्यावर काय उघड झाले

जुळे सोलापुरातील आमच्या घरी केबलचे दरमहा ३८० रुपये रोख दिले जात आणि ऑपरेटरचा माणूस वहीत खूण करून जात असे. पॅकमध्ये तेलुगू व कन्नड चॅनलचे दोन गट होते. या शहरात त्यांना प्रेक्षक पुष्कळ आहेत, मात्र आमच्या घरी ते कोणी पाहत नाही आणि ते आम्ही मागितलेही नव्हते.

म्हणून ऑपरेटरला व्हॉट्सअॅपवर लिहिले: ‘आमच्या सेट-टॉप बॉक्सचा व्हीसी क्रमांक सोबत देत आहे. तेलुगू व कन्नड गट बंद करावेत, मराठी व हिंदी गट चालू ठेवावेत आणि नेटवर्क शुल्क, प्रत्येक गटाची किंमत व जीएसटी वेगवेगळे दाखवणारे बिल द्यावे.’ गटाचे नाव लिहिणे महत्त्वाचे आहे, कारण वाहिनी कंपनीच्या गटातून एखादेच चॅनल वगळता येत नाही. पूर्ण गट सोडून हवे ते चॅनल सुटे घ्यावे लागते.

दोन्ही गट बंद झाले, परंतु महिनाअखेरीस पुन्हा ३८० रुपयेच मागण्यात आले. ‘पॅकचा भाव एकच आहे, वर जीएसटी असतो,’ असे उत्तर मिळाले, बिल मात्र मिळाले नाही. जी रक्कम ‘जीएसटीसह’ म्हणून घेतली जाते, तिची जीएसटी क्रमांक असलेली पावतीच नसावी, हे मला खटकले.

तेव्हा ज्या मोठ्या कंपनीकडून ऑपरेटर सिग्नल घेतो, तिच्या ग्राहक सेवा केंद्राला व्हीसी क्रमांक सांगितला. त्यांच्या नोंदीनुसार नेटवर्क शुल्क १३० रुपये, उरलेल्या दोन गटांचे ८५ रुपये आणि एकूण २१५ रुपयांवर १८ टक्के जीएसटी ३८.७० रुपये, म्हणजे २५३.७० रुपये देय होते. उरलेले १२६.३० रुपये कशाचे, याची कंपनीकडे नोंदच नव्हती. (दूरसंचार व प्रसारण नियामक ‘ट्राय’ने २०२४ मध्ये केलेल्या नियमदुरुस्तीने नेटवर्क शुल्कावरील १३० रुपयांची कमाल मर्यादा उठली आहे, त्यामुळे हा आकडा प्रत्येकाकडे सारखाच असेल असे समजू नये.)

खरी गोम पुढे कळली. आमच्या बॉक्सवर नोंदलेला मोबाइल क्रमांक आमचा नसून ऑपरेटरचाच होता, त्यामुळे पॅक बदलल्याचे आणि रकमेचे सर्व संदेश त्याच्याकडे जात होते आणि कंपनीच्या अॅपमध्ये आम्हाला प्रवेशच मिळत नव्हता. बिल मागण्याआधी आपल्या बॉक्सवर कोणाचा क्रमांक आहे, हे प्रत्येकाने कंपनीला विचारावे आणि चुकीचा असल्यास तो बदलून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. ‘ट्राय’ वैयक्तिक तक्रारी स्वतः सोडवत नाही. ग्राहक सेवेने दाद दिली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडेच जावे लागते.

क्रमांक बदलल्यावर ऑपरेटरने त्या महिन्याची जादा रक्कम पुढच्या बिलात वळती केली. त्यापूर्वीच्या महिन्यांसाठी मात्र आमच्याकडे वहीतल्या खुणांखेरीज पुरावा नसल्याने तो दावा त्याने फेटाळला.