४५५७० म्हणजे ५ ऑक्टोबर: TEXT सूत्राचा आठ महिन्यांचा अनुभव

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये मी नोंदी ठेवतो. प्रत्येक प्लॉटची फळछाटणी कोणत्या दिवशी झाली हे आमच्या तक्त्यात असावेच लागते, कारण काढणीचा अंदाज त्या दिवसापासून मोजला जातो. गेल्या हंगामात बागायतदारांच्या याद्या एकत्र केल्या तेव्हा तारखेच्या रकान्यात 45570, 45590 असे आकडे दिसू लागले. तेव्हापासून गेले आठ महिने एक्सेलमधील TEXT हे सूत्र मी जवळजवळ रोज वापरत आहे.

हे आकडे म्हणजे बिघाड नव्हे. एक्सेल १ जानेवारी १९०० या दिवसाला १ मानून पुढे दिवस मोजत जाते आणि तारीख म्हणून हाच क्रमांक साठवते, आपल्याला दिसते ते त्यावरचे रूप असते. क्रमांकामागे दशांश असेल तर ती वेळ असते, म्हणजे 45570.75 हे ५ ऑक्टोबर २०२४ ची संध्याकाळी सहाची वेळ दाखवते. दिवस, महिना, वर्ष हा आपला क्रम हवा असल्यास एवढे पुरते:

```
=TEXT(A2,"dd-mm-yyyy")
```

उत्तर 05-10-2024 येते. क्रम बदलायचा असेल तर अवतरणातील अक्षरांची जागा बदलावी. बागायतदारांना पाठवायच्या पत्रासाठी मी `"[$-44E]d mmmm yyyy"` असे लिहितो, त्यामुळे महिन्याचे नाव मराठीत येते आणि पाचवा महिना की दहावा, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडत नाही.

सूत्र सोपे असले तरी सुरुवातीला मी ते चुकीच्या जागी वापरले. TEXT चे उत्तर तारीख नसून मजकूर असतो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मूळ रकाना पुसून मी मजकूरच ठेवला आणि क्रम लावला, तर 02-11-2024 ही तारीख 05-10-2024 च्या वर जाऊन बसली, कारण मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होते. आता क्रमांकाचा रकाना मी तसाच ठेवतो. पडद्यावर तारीख दिसावी एवढेच हवे असेल तर Format Cells मधील Custom मध्ये `dd-mm-yyyy` लिहितो, आणि TEXT फक्त पत्र किंवा लेबल छापण्याच्या वेळी, वेगळ्या रकान्यात.

यापेक्षा मोठा घोळ क्रमांक तयार होण्यापूर्वीच झालेला होता, आणि तो TEXT ला कधीच दिसत नाही. एका यादीत फळछाटणीची तारीख 10-05-2024 आली. मे महिन्यात आमच्याकडे फळछाटणी होत नाही, त्यामुळे शंका आली. मूळ सीएसव्ही फाइलमध्ये 05/10/2024 असे लिहिलेले होते, पण ती ज्या संगणकावर उघडली त्याची विंडोजमधील प्रदेश-मांडणी अमेरिकेची होती. एक्सेलने पहिला आकडा महिना समजून 45570 ऐवजी 45422 साठवला, म्हणजे प्लॉटचे वय एका फटक्यात १४८ दिवसांनी वाढले. ज्या तारखांचा दिवस १२ पेक्षा मोठा होता, उदाहरणार्थ 25/10/2024, त्या महिना म्हणून बसेनात, म्हणून तशाच मजकूर राहिल्या. ओळखण्याची खूणही हीच आहे: एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, की रकाना उलटा वाचला गेला असे समजावे (संरेखन हाताने बदललेले नसेल तर). अशा रकान्यासाठी मी हे वापरले:

```
=IF(ISNUMBER(A2),
 DATE(YEAR(A2),DAY(A2),MONTH(A2)),
 DATE(RIGHT(A2,4),MID(A2,4,2),LEFT(A2,2)))
```

येथे 45422 चे 45570 होते आणि 25/10/2024 या मजकुराचे 45590. मात्र दिवस व महिना दोन-दोन अंकी लिहिलेले असले पाहिजेत, आणि सूत्र एकदाच चालवावे, कारण दुरुस्त झालेल्या तारखांवर ते पुन्हा चालवले तर त्या परत बिघडतात. सगळ्याच तारखा १२ च्या आतल्या असतील तर डावी-उजवी खूण मिळत नाही, तेव्हा मूळ फाइल नोटपॅडमध्ये उघडून ताडून पाहण्याला पर्याय नाही. आता कार्यालयातील सर्व संगणकांची मांडणी English (India) केली आहे, आणि त्यानंतर हा प्रकार पुन्हा झालेला नाही.

एक विचित्र प्रकार मात्र एकदाच दिसला. जुन्या मॅकवर तयार झालेल्या एका फाइलमध्ये 45570 हा आकडा डकवला, तर ६ ऑक्टोबर २०२८ दिसू लागले. त्या फाइलमध्ये मोजणी १९०४ पासून होती, आणि दोन मोजण्यांत १४६२ दिवसांचा फरक असतो. तेवढे वजा केले की तारीख जागेवर येते.