अभ्यासिकेतील राऊटर : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

खानापुरातील आमच्या अभ्यासिकेत केपीएससी आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुले सकाळ आणि दुपार अशा दोन पाळ्यांत बसतात. इंटरनेटच्या जोडणीबरोबर मिळालेला दोन बँडचा राऊटर आम्ही काही महिन्यांपासून वापरत आहोत. वेग आणि टप्पा यांबाबत माझी तक्रार नाही. मात्र दुपारची पाळी सुरू झाली, की "सर, शेजारच्याला नेट येतंय, माझ्याच मोबाईलला तेवढं येत नाही," हे वाक्य ठरलेले असे. त्या मोबाईलवर `Obtaining IP address…` एवढेच दिसत राही आणि विंडोज लॅपटॉपला `169.254` ने सुरू होणारा पत्ता मिळे. राऊटरकडून पत्ता न मिळाल्यामुळे लॅपटॉपने स्वतःच एक पत्ता धरला आहे, असा त्याचा अर्थ होतो.

राऊटर बंद करून सुरू केला, की सर्वांना नेट मिळे, म्हणून बरेच दिवस दोष कंपनीच्या लाईनला दिला जाई. वास्तविक बहुतेक घरगुती राऊटर वाटलेल्या पत्त्यांची यादी तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात. बंद केल्यावर ती पुसली जाते आणि वाटप नव्याने सुरू होते, एवढेच त्या उपायामागचे रहस्य आहे.

खात्री करण्यासाठी एक सोपी चाचणी पुरते. अडलेल्या मोबाईलच्या वायफाय सेटिंगमध्ये `DHCP` ऐवजी `Static` निवडून मी वाटपाच्या टापूबाहेरचा, कोणी वापरत नसलेला `192.168.1.240` हा पत्ता हाताने भरला आणि गेटवे व डीएनएस या दोन्ही ठिकाणी राऊटरचा `192.168.1.1` दिला. नेट तत्काळ सुरू झाले. म्हणजे लाईन ठीक होती, वायफायची जोडणीही होत होती, केवळ वाटायला पत्ते उरले नव्हते. एवढे करूनही मोबाईल जोडला गेला नसता, तर शोध वायफायच्या बाजूला घ्यावा लागला असता. चाचणीनंतर सेटिंग पुन्हा `DHCP` वर आणणे आवश्यक आहे, अन्यथा तो मोबाईल दुसऱ्या ठिकाणच्या वायफायवर अडत नाही, पण येथे कधीतरी पत्त्यांची टक्कर होऊ शकते.

राऊटरच्या `DHCP Server` पानावर हिशेब उघड झाला. वाटप `192.168.1.100` पासून `192.168.1.149` पर्यंतच होते, म्हणजे पत्ते 50, आणि प्रत्येक पत्त्याची मुदत 24 तासांची. सकाळी सुमारे 30 मुले येतात, काहींकडे लॅपटॉपही असतो. शिवाय आमच्याकडे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ बँडना वेगवेगळी नावे दिलेली होती. अँड्रॉईड 10 पासूनचे मोबाईल साधारणपणे प्रत्येक वायफाय नावासाठी वेगळा मॅक क्रमांक दाखवतात, त्यामुळे एकच मोबाईल माळ्यावर गेल्यावर दुसऱ्या नावाला जोडला गेला, की राऊटर त्याला नवे यंत्र समजून दुसरा पत्ता देतो. अशा रीतीने सकाळीच 40 च्या आसपास पत्ते गुंतत. मुले घरी जाताना मोबाईल पत्ता परत करत नाहीत, म्हणून ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अडकूनच राहत आणि दुपारच्या पाळीच्या वाट्याला दहाच उरत.

टापू वाढवून मी `192.168.1.50` ते `192.168.1.229` केला, म्हणजे 180 पत्ते झाले. त्याखालचे प्रिंटर आणि कॅमेऱ्यांसाठी राखले. मुदत दोन तासांची ठेवली. बसलेल्या मुलाला याचा त्रास होत नाही, कारण मोबाईल निम्मी मुदत संपताच तोच पत्ता वाढवून मागतो. येथे एकक अवश्य पाहावे : आमच्या राऊटरात मुदत मिनिटांत आहे, म्हणून 120 भरले, काही राऊटरांत ती सेकंदांत असते आणि तेथे 7200 भरावे लागतात. दोन्ही बँडना एकच नाव दिल्याने दुहेरी पत्तेही थांबले.

पत्त्यांची ददात मिटल्यावर या यंत्राची खरी मर्यादा दिसली. संध्याकाळी दोन्ही पाळ्यांची मुले एकत्र थांबतात त्या वेळी पत्ता सर्वांना मिळतो, पण सर्वांचेच नेट मंदावते. राऊटरजवळ बसून लॅपटॉपवर ही आज्ञा दिली :

```
ping -n 50 192.168.1.1
```

एरवी काही मिलिसेकंदांत येणारी उत्तरे त्या वेळी शेकड्यांत गेली आणि काही आलीच नाहीत. ही चाचणी राऊटरपर्यंतचीच असल्याने बाहेरच्या लाईनचा त्यात संबंध नाही. एकाच वायफायवर सर्वांना आळीपाळीने बोलावे लागते, त्याची ही कोंडी आहे. पत्ते 180 असले तरी तेवढी यंत्रे एका वेळी चालतील, असे त्यामुळे समजू नये. काही राऊटरांत प्रत्येक बँडवरील जोडण्यांची कमाल संख्याही ठरवलेली असते, ती वायरलेसच्या प्रगत सेटिंगमध्ये पाहावी.

माळ्यावर केबल ओढून एक जुना राऊटर ॲक्सेस पॉईंट म्हणून, त्याचे पत्तेवाटप बंद करून, वेगळ्या चॅनेलवर लावल्यावर संध्याकाळची मंदी बरीच कमी झाली. घरासाठी मी हा राऊटर निःशंकपणे सुचवीन, अभ्यासिकेसाठी मात्र तो एकटा पुरत नाही. त्याच्या यादीत बहुतेक मोबाईल नावाविना दिसतात, त्यामुळे कोणता पत्ता कोणाकडे आहे हे शोधायला आजही प्रत्येकाचा मोबाईल हातात घ्यावा लागतो.