जागा अमर्याद, पण फाइली अडीच लाखच

अमर्याद जागा आणि अमर्याद बँडविड्थ या दोन शब्दांवर विसंबून मी शेअर्ड होस्टिंगचे ३६ महिन्यांचे पैसे एकरकमी भरले. त्यांतले जेमतेम ७ महिने उपयोगी पडले. उरलेले २९ महिने पाण्यात गेले. हे लिहिताना लाज वाटते, कारण मी या क्षेत्रात अगदीच नवखा नव्हतो.

माझे संकेतस्थळ वर्डप्रेसवरचे, जुन्या छायाचित्रांच्या संग्रहाचे. आठव्या महिन्यात एका सकाळी नवे छायाचित्र चढेना, येणारी ईमेल परत जाऊ लागली आणि नोंदींत `Disk quota exceeded` असा संदेश दिसू लागला. वापरलेली जागा होती फक्त ३१ जीबी. जागा संपली नव्हती, आयनोड संपले होते.

प्रत्येक फाइल आणि प्रत्येक फोल्डर एक आयनोड घेते, मग फाइल एक केबीची असो वा एक जीबीची. माझ्या खात्याला मर्यादा होती २,५०,००० आयनोडची, आणि ती विक्रीच्या पानावर नव्हे, तर ‘अमर्याद’ या शब्दावरच्या बारीक फुलीमागच्या अटींत, ‘वाजवी वापर’ या मथळ्याखाली होती.

तुम्ही म्हणाल, इतक्या फाइली आल्या कुठून? मी चढवलेली छायाचित्रे होती अवघी ६,५००. पण मोठे छायाचित्र चढवले की वर्डप्रेस मूळ फाइलीखेरीज एक आटोपशीर प्रत आणि सहा लहान-मोठे आकार स्वतःच बनवते. माझ्या थीमने त्यात आणखी चार आकारांची भर घातली, म्हणजे झाल्या १२. वेग वाढावा म्हणून बसवलेल्या प्लगइनने प्रत्येकाची वेबपी प्रत केली, म्हणजे २४. एकूण १,५६,००० फाइली. कॅशेच्या सुमारे ४६,०००, ईमेलच्या सुमारे ३२,००० (तिथे प्रत्येक पत्र म्हणजे स्वतंत्र फाइल) आणि वर्डप्रेस, थीम व प्लगइन मिळून सुमारे १६,०००. बेरीज करा, अडीच लाख भरतात.

हा हिशेब मला फार उशिरा कळला. ज्यांच्याकडे एसएसएच आहे, त्यांनी तो आजच करावा:

```
du --inodes -d 2 ~ | sort -n | tail
```

खरा डंख मात्र वेगळाच आहे. खरेदीपूर्वी मी विक्री-चॅटवर स्पष्ट विचारले होते, “हजारो छायाचित्रे ठेवायची आहेत, संख्येची काही मर्यादा आहे का?” उत्तर आले, “सर, जागा अमर्याद आहे.” मी संख्या विचारली होती, उत्तर जागेचे मिळाले आणि मी ‘धन्यवाद’ लिहून पैसे भरले! तिसऱ्या महिन्यात सीपॅनेलच्या उजव्या कडेला `File Usage` समोर १,०४,००० हा आकडा पाहिल्याचेही आठवते. तो केबीचा असावा असे समजून मी पुढे गेलो. त्याच सुमारास एक लाखाच्या वर गेलेल्या खात्याचा बॅकअप होस्टिंग कंपनीने बंद केला होता. तेही अटींत होते म्हणे. स्वतःचा बॅकअप स्वतःच्या संगणकावर ठेवा.

बँडविड्थचेही तेच. महिन्याला कितीही डेटा जाऊ द्या, पण एकाच वेळी चालणाऱ्या पीएचपी विनंत्यांची, म्हणजे एंट्री प्रोसेसची, मर्यादा होती २०. एका लेखाची चर्चा झाली, वाचक एकदम आले आणि त्यांना लेखाऐवजी `508 Resource Limit Is Reached` दिसले. तेव्हा विक्रेत्याला जागेबद्दल विचारू नका. आयनोड किती आणि एंट्री प्रोसेस किती, एवढे दोनच आकडे लेखी मागा. ते मिळाले नाहीत तर उठा.

तक्रार केली, तेव्हा मदत कक्षाने प्रथम कॅशे पुसायला सांगितले. पुसली, आणि नऊ दिवसांत ती पुन्हा भरली. नंतर सांगितले की आपले संकेतस्थळ ‘वाढले’ आहे, तरी व्हीपीएस घ्यावे, तेही पुन्हा ३६ महिन्यांसाठी. पैसे परत मागितले तर मुदत ३० दिवसांची होती. चॅटची प्रत दाखवली, तर विक्री विभाग वेगळा असल्याचे सांगण्यात आले. कार्ड देणाऱ्या बँकेने सेवा मिळाली असल्याचे सांगून हात झटकले. ग्राहक तक्रार कक्षाने अटींखालच्या चौकटीत मीच खूण केल्याची आठवण करून दिली. खूण मी केली हे खरे. पण ठळक अक्षरांत ‘अमर्याद’ लिहिणारा कोण, हे कोणीच विचारले नाही.

संकेतस्थळ आता दुसरीकडे आहे, थीमचे आकार बंद केले आहेत आणि ईमेलही वेगळीकडे हलवली आहे. जुन्या खात्यावर माझी तक्रार मात्र ‘निराकरण झाले’ या शेऱ्यासह बंद दिसते.