रास बघावी की दशा? पत्रिका हातात घेतलेल्या शंकेखोरासाठी

मावसबहिणीच्या मुलाला स्थळं येऊ लागली आणि महाद्वार रोडवरून करून आणलेली पत्रिका त्याने माझ्यासमोर टाकली. "मामा, माझा विश्वास नाही. पण यातलं काही बघायचंच झालं तर राशीचं बघू की दशेचं?"

दोन्हींचं मूळ एकच, जन्मवेळी चंद्र कुठे होता. फरक मोजपट्टीचा. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस राहतो, म्हणजे तेवढ्या काळात कोल्हापुरातल्या सगळ्या दवाखान्यांत जन्मलेली बाळं एकाच राशीची. नर्सने वेळ तासभर चुकीची लिहिली तरी रास सहसा बदलत नाही. साडेसातीही राशीवरूनच ठरते, त्यामुळे ती एकाच वेळी लाखोंना लागते. इतक्या ढोबळ विधानाला खोटं पाडणार कसं?

विंशोत्तरी दशा म्हणजे आयुष्यातली एकेका ग्रहाच्या वाट्याला दिलेली वर्षं. तिचं तसं नाही. तिथे नक्षत्र लागतं, 13 अंश 20 कलांचं. चंद्राने त्यातला किती भाग ओलांडला, त्यावर पहिली दशा किती उरली ते ठरतं. भाच्याचा चंद्र वृषभेत 20 अंशांवर, म्हणजे रोहिणी नक्षत्रात. रोहिणी 10 अंशांना सुरू होते, तेव्हा तीन चतुर्थांश संपलेली. स्वामी चंद्र, त्याची दशा 10 वर्षांची, उरली अडीच. मग मंगळाची 7, राहूची 18. गुरूची सुरू होणार साडेसत्ताविसाव्या वर्षी.

आता गंमत बघा. ग्रहाच्या आकाशातल्या स्थानातून किती अंश वजा करून रास मोजायची, तो आकडा म्हणजे अयनांश. टिळक पंचांगाचा अयनांश नेहमीच्या चित्रापक्ष अयनांशाहून सुमारे 4 अंशांनी कमी आहे. त्या हिशेबाने हाच चंद्र 24 अंशांवर जातो. रास वृषभच, पण नक्षत्र मृग आणि पहिली दशा मंगळाची. मृगाचा विसावा भागच संपलाय, म्हणून सातातली सुमारे 6 वर्षं 8 महिने शिल्लक. मग गुरू येतो 24 वर्षं 8 महिन्यांना, जवळजवळ तीन वर्षं आधी. जन्मवेळ तासाने चुकली तर मात्र रोहिणीची दशा पाचेक महिन्यांनीच सरकते.

म्हणून माझं मत दशेकडे. ती खरी ठरते म्हणून नव्हे. तारीख देते, त्यामुळे निदान चुकताना पकडता येते. जयंत नारळीकरांनी महाराष्ट्रात घेतलेल्या चाचणीत 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 पत्रिकांवरून हुशार मुलं आणि मतिमंद मुलं वेगळी काढायची होती. सरासरी 46 टक्के बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी एवढं जमलं असतं.

भाच्याला एवढंच सांगितलं, की आधी पंचांग कुठलं ते विचार, मग गेल्या दहा वर्षांत काय घडलं ते त्यांनाच तारखांसकट लिहून द्यायला सांग. तोवर तू नोकरीचं, आजारपणाचं अवाक्षर काढू नकोस. बोलता बोलता आपणच सगळं सांगून बसतो की.

तो हसला आणि दुसऱ्या पंचांगावरून पत्रिका करून घ्यायला निघाला. आईला यातलं काही सांगू नका म्हणाला.