डोळा उघडला आणि आम्ही ४९,८०० रुपये मोजले

देवगड-कणकवली पट्ट्यात 'नसांचं शिबिर' भरवणारी एक टोळी फिरते आहे. अर्धांगवायू, मायस्थेनिया, सगळं मुळापासून बरं करतो असा त्यांचा बॅनर असतो. माझ्या आईला मायस्थेनिया ग्रॅव्हिस आहे. सकाळी ती ठणठणीत, संध्याकाळी उजवी पापणी मिटलेली, बोलणं नाकातून, आणि जेवताना अर्ध्या भाकरीवर जबडा थांबतो. नोंदणीचे ५००, 'कोर्स'चे ४२,५००, अंगाला बांधायला दिलेल्या पट्ट्याचे ६,८०० असे पैसे गेले. वर ती व्हेंटिलेटरवर जाऊन आली, ते वेगळंच.

मी बी.एस्सी. झालोय. गावात कुणाला ओटीपीचा फोन आला तर लोक मला विचारतात. म्हणून कुठे तोंड दाखवायची लाज वाटते. पण त्या दिवशी हॉलमध्ये काय झालं ते ऐका, मग हसा.

फोनवर त्यांनी बजावलं होतं, 'सकाळी लवकर या, चालू गोळी घेऊनच या.' हॉलमध्ये एसी. आईला डोळे मिटून स्वस्थ बसवलं. मग कापराचा वास येणारी हिरवी, बर्फासारखी गार पिशवी पापणीवर ठेवली. दोनेक मिनिटांनी काढली, तर पापणी वर! आई हरखून म्हणाली, 'डोळो उघाडलो मां रे!' आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. ती टाळ्या वाजवणारी माणसं कोण होती, ते आता कळतं.

इथेच मला कळायला हवं होतं. निदानाच्या वेळी कोल्हापूरच्या न्यूरोलॉजिस्टनी हेच केलं होतं. रबरी हातमोज्यात बर्फ भरून पापणीवर ठेवला होता, आणि तो मोजा मीच धरला होता! ती तपासणी होती, उपचार नव्हे. या आजारात नस चांगली असते, स्नायूही चांगला असतो. नसेचा निरोप स्नायू जिथे घेतो, त्या जागा शरीराच्याच अँटिबॉडी अडवतात. म्हणून पहिल्या हालचाली जमतात, आणि वापर वाढेल तसा निरोप तोकडा पडतो. निरोप वाहणारं रसायन मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं, ते गारव्यात मंदावतं. विश्रांतीनेही थोडी भर पडते. पापणी उचलली जाते, पण काही मिनिटांपुरतीच. ती पुन्हा उतरली तेव्हा आम्ही पैशांच्या टेबलापाशी क्यूआर कोड स्कॅन करत होतो. बर्फाने असं का होतं हे ओपीडीच्या गर्दीत मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या जागी तुम्ही असता तर?

पुढचं त्याहून वाईट. 'गोळीने नसा झोपतात' म्हणून पायरिडोस्टिग्मिन बंद करायला लावली. तिचं काम नेमकं उलटं आहे. ती त्याच एन्झाइमला अडवते, म्हणून निरोप टिकतो. भरीला हात वर-खाली करण्याचा आणि चेंडू दाबण्याचा व्यायाम, थकवा येईपर्यंत. आई दिवसेंदिवस ढासळत गेली. फोन केला तर म्हणे, 'आतला विकार बाहेर पडतोय.'

एका रात्री पेज नाकातून परत आली. मान धरवेना. ऑक्सिमीटर ९७ दाखवत होता, म्हणून मी सकाळपर्यंत थांबणार होतो. शेजारच्या नर्सताईंनी आईला एका श्वासात आकडे मोजायला लावले. एरवी तिशी ओलांडणारी आई बारावर थांबली. ताई ओरडल्या, 'गाडी काढ आधी!' छातीचे स्नायू थकत असताना ऑक्सिजनचा आकडा बराच वेळ चांगला दिसतो, तो उतरेपर्यंत फार उशीर झालेला असतो. गिळता येत नसेल, श्वास उथळ झाला असेल, तर मशीनकडे बघत बसू नका. प्लाझ्मा बदलून रक्तातल्या अँटिबॉडी कमी केल्या तेव्हा आई सावरली. बिल २,८६,४०० रुपये.

आता पोलीस. पहिला प्रश्न, 'पैसे तुम्हीच स्वखुशीने दिलेत ना?' सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर फोन केला तर समोरासमोरचा व्यवहार म्हणून स्थानिक ठाण्यात जा म्हणाले. ठाण्यातून औषध खात्याकडे पाठवलं. तिथल्या साहेबांनी विचारलं, 'औषध दिलं का? पट्टा म्हणजे औषध नव्हे.' मग ग्राहक आयोग, तर तिथे पावती कुठाय? पावतीवर 'देणगी' लिहिलंय! अर्धांगवायू बरा करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या जादुई उपायांच्या कायद्याने बंदी आहे, हे मी वकिलाकडून समजून घेऊन साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, 'बॅनरचा फोटो आणा.' बॅनर कधीच उतरवलेला. म्हणून सांगतो, आत जाण्याआधी बॅनरचा फोटो काढा. 'देणगी' लिहिलेली पावती घेऊच नका.

कुणी बरं करून दाखवतो म्हणाला तर त्याला संध्याकाळी घरी बोलवा, गोळीचा असर उतरल्यावर, पेशंटने जेवणखाण, बोलणंचालणं केल्यावर. आणि बर्फाशिवाय. चालू गोळी न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय कुणाच्या बापाच्या सांगण्यावरून बंद करू नका.

परवा भाच्याने फोटो पाठवला. राजापूरच्या एका हॉलबाहेर तोच बॅनर आहे, फक्त फोन नंबर बदललाय. तो फोटो मी ठाण्यात नेऊन दिला. हद्द आमची नाही म्हणाले.