प्रमाण विचलन की प्रमाण त्रुटी?

गव्हाच्या पिठाच्या ६४ पिशव्या तोलल्या. सरासरी वजन ५०० ग्रॅम, प्रमाण विचलन ८ ग्रॅम. हे ८ ग्रॅम पिशव्यांबद्दल बोलतात: एकेक पिशवी सरासरीपासून साधारण किती दूर पडते. प्रमाण त्रुटी मात्र पिशवीबद्दल काहीच सांगत नाही. पुन्हा पुन्हा ६४ पिशव्यांचे नमुने घेतले, तर त्यांच्या सरासऱ्या आपापसांत किती हलतील, ते ती सांगते: ८ ÷ √६४ = १ ग्रॅम.

गोंधळ इथेच होतो, कारण त्रुटीच्या सूत्रात विचलन आधीच बसलेले असते. विद्यार्थी ८ काढतो, √n ने भागायचे राहते आणि समष्टीच्या, म्हणजे सगळ्याच पिशव्यांच्या, सरासरीसाठी तो ८ ची दुप्पट घेऊन ५०० ± १६ लिहितो. सुमारे ९५% विश्वासाचे बरोबर उत्तर त्रुटीची दुप्पट घेऊन ५०० ± २ आहे. वजने प्रसामान्य असतील तर ४८४ ते ५१६ हा सुमारे ९५% सुट्या पिशव्यांचा पट्टा.

मी तपासताना एकच पाहते: प्रश्न एका पिशवीचा आहे की सरासरीचा? शंका आलीच तर नमुना मनात २५६ करून बघा. त्रुटी अर्ध्यावर येते. विचलन ८ च्या आसपासच राहते, कारण जास्त पिशव्या तोलल्याने भरणारे यंत्र सुधारत नाही.